लाइट गेल्यावर पंखा, कूलर की एसी?
घरगुती विजेचे गणित : लेखांक ६

मागील लेखांकात बॅटरीची क्षमता कशी मोजतात ते पाहिले. त्या बॅटरीवर उन्हाळ्यात काय चालवावे आणि काय चालवू नये, हा या लेखांकाचा विषय आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या आसपास राहतो, हवा अत्यंत कोरडी असते, आणि वळिवाच्या वाऱ्याने तारा तुटल्या किंवा रोहित्रावरील भार वाढला की नेमक्या याच दिवसांत वीज जाते. अशा वेळी घर गार ठेवण्याचा प्रश्न अखेर किती वॅट, किती तास आणि सुरू होतानाचा धक्का किती, या तीन गोष्टींवर येऊन ठरतो.

उदाहरणादाखल, अनेक घरांत आढळणारा ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी असा संच घेऊ. व्हीए हा इन्व्हर्टरवर लिहिलेला आकडा म्हणजे वॅट नव्हे. असा इन्व्हर्टर सुमारे ७०० वॅटपर्यंतचाच भार उचलू शकतो. बॅटरीवरील आकडाही जसाच्या तसा धरता येत नाही. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास हा हिशेब बॅटरी वीस तासांत सावकाश रिती केली तरच खरा ठरतो. प्रवाह वेगाने उपसला की हाती येणारी क्षमता घटते, शिवाय ती तळापर्यंत वारंवार रिकामी केल्यास तिचे आयुष्यही कमी होते, म्हणून ८० टक्केच क्षमता हिशेबात घ्यावी. त्यातून इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी सुमारे २० टक्के ऊर्जा वजा केली की साधारण ११५० वॅट-तास उरतात. नव्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीची ही खरी पुंजी होय.

या पुंजीवर पहिला हक्क छताच्या पंख्याचा. जुना साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये जवळपास तेवढाच वारा देतो. बीएलडीसी म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, कायमचुंबक असलेली आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटने फिरवली जाणारी मोटर. घरात तीन साधे पंखे, ९ वॅटचे चार एलईडी दिवे आणि १० वॅटचा वाय-फाय राउटर असेल, तर एकूण भार सुमारे २७० वॅट होतो आणि वीज चार तासांच्या आसपास पुरते. तेच तीन पंखे बीएलडीसी असतील, तर भार १३६ वॅटवर येतो आणि पुरवठ्याचा काळ आठ-साडेआठ तासांवर जातो. पंखे बदलल्याने वाचलेले हे १३५ वॅटच पुढे कूलरसाठी जागा करून देतात. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे असल्याने खरेदीच्या वेळी वेगवेगळ्या पंख्यांची तुलना करणे सोपे झाले आहे.

कूलरची गोष्ट वेगळी आहे, कारण गारवा निर्माण करण्याचे मुख्य काम तेथे वीज करत नाही, तर पाणी करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. बॅटरीला फक्त पंखा फिरवायचा आणि पंपाने पाणी जाळ्यांवर चढवायचे असते. मध्यम आकाराच्या कूलरला त्यासाठी सुमारे १७० वॅट लागतात. बीएलडीसी पंख्यांच्या वरील घरात तो जोडला, तर एकूण भार ३०६ वॅट होतो आणि बॅटरी साडेतीन तासांच्या आसपास टिकते. मात्र मोठा एक्झॉस्ट पंखा बसवलेले पत्र्याचे कूलर २०० वॅटच्याही पुढे जाऊ शकतात, म्हणून मोटरवरील पट्टीवर छापलेले वॅट वाचूनच निर्णय घ्यावा. कूलर खिडकीत ठेवून बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत दमटपणा वाढून गारवा थांबतो, आणि पावसाळ्याची हवा आली की कूलरवर खर्च केलेली बॅटरीही वाया जाते. पाण्याचा हिशेबही यात धरावा लागतो, कारण कूलर तासाला काही लिटर पाणी सहज संपवतो आणि ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही बाब गौण नाही. टाकीतील पाणी संपल्यावर कोरडा पंप चालू राहिला, तर तो जळतो. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि इन्व्हर्टर बंद पडतो तो बहुधा याच क्षणी. त्याची चाचणी सोपी आहे: मुख्य पुरवठ्याचा एमसीबी बंद करून आधी दिवे व पंखे सुरू करावेत आणि शेवटी कूलर लावावा. दिवे क्षणभर मंदावून पूर्ववत झाले, तर जोडी योग्य आहे. ओव्हरलोडचा दिवा लागला किंवा गजर झाला, तर कूलर त्या इन्व्हर्टरचा नाही. मोटर सतत घुमत असेल आणि हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे साइन वेव्हऐवजी चौकोनी लहर देणारा, आहे का हे तपासावे. अशा लहरीवर पंखे आणि पंप गुणगुणतात व अधिक तापतात. भाड्याच्या खोल्यांत अनेक विद्यार्थी एकाच इन्व्हर्टरवर असतील, तर प्रत्येकाने स्वतंत्र कूलर लावल्यास सर्वांचाच पुरवठा तुटतो.

एसीच्या बाबतीत ‘इन्व्हर्टर एसी’ या नावामुळे गैरसमज होतो. त्या नावाचा अर्थ एवढाच की कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो. घरातील बॅटरीशी त्याचा संबंध नाही. एक टनाचा असा एसी खोली गार होईपर्यंत हजार वॅटच्या आसपास भार घेऊ शकतो, म्हणजे ७०० वॅटचा इन्व्हर्टर तेथेच थांबतो. मोठा इन्व्हर्टर जोडला तरी एका बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर उपसावे लागतील, तारा व टर्मिनल तापतील आणि बॅटरी तासभरही पुरणार नाही. एकाच वेगाचा, जुना दीड टनाचा एसी तर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागतो. बॅटरीवर एसी चालवायचाच असेल, तर किमान साडेतीन केव्हीए, ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या लागतात. त्यावरही एक टनाचा एसी सुमारे चार तास चालतो, आणि पुन्हा चार्ज होण्यास दहा-बारा तासांचा अखंड पुरवठा हवा असतो. दिवसातून दोन-तीन वेळा वीज जात असेल, तर बॅटऱ्या पूर्ण भरतच नाहीत आणि अर्धवट भरलेल्या राहून लवकर निकामी होतात.

जोडणी करताना इन्व्हर्टरची लाइन स्वतंत्र ठेवावी आणि गिझर, पाण्याची मोटर व एसी तिच्यावर चुकूनही येणार नाहीत हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. बॅटरी उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते; उन्हाळ्यात तिच्यातील डिस्टिल्ड वॉटरची पातळीही वरचेवर पाहावी. खर्चाचा क्रम मग आपोआप ठरतो: आधी बीएलडीसी पंखे, मग चाचणीत उतरलेला एक कूलर, आणि एसीसाठी वीज परत येण्याची वाट.