बारावी इंग्रजी : शेवटचे सात दिवस

बारावीचा पहिला पेपर सहसा इंग्रजीचाच असतो, त्यामुळे हा आठवडा जवळजवळ पूर्ण त्याला देता येतो. ८० पैकी १६ गुण कादंबरीचे आणि १६ लेखनकौशल्याचे. पहिले दोन दिवस कादंबरीतली पात्रं, स्थळं आणि घटनाक्रम स्वतःच्या वाक्यांत लिहून काढा. पुढचे दोन दिवस कवितेचं रसग्रहण आणि लेखनकौशल्य. पाचव्या दिवशी घड्याळ लावून सकाळी ११ वाजता जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसा. शेवटचे प्रश्न राहिले, तर गद्यावर वेळ जास्त गेला असं समजा. सहाव्या दिवशी फक्त त्यातल्या चुका.

आदल्या दिवशी नवीन गाईड उघडू नका, संध्याकाळनंतर चहा नको. रात्री दहाला झोपा. जागरणाने पाठ केलेलं टिकत नाही, कारण आठवण झोपेत पक्की होते.

केंद्रावर साडेदहाला पोहोचायचं असतं. घनसावंगी किंवा मंठ्याच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्यांनी शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या गाडीने निघावं. सकाळी तेलकट खाऊ नका; पोळीभाजी पुरते. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘फुटलेला पेपर’ उघडूही नका. हॉलतिकीट रात्रीच दप्तरात ठेवा.