सोळाचे १०.९

राहनाळच्या त्या गोदामात ग्रे कापडाच्या गाठी असतात. पत्र्याच्या छपराखाली आठ कॅमेरे बसवलेत आणि कोपऱ्यातल्या प्लायवूडच्या केबिनमध्ये, चहाच्या थर्मासशेजारी, रेकॉर्डिंगचा एक लिनक्स डबा चालू असतो. भिवंडी-ठाणे पट्ट्यात असे डबे लावणं आणि सांभाळणं हे माझं काम. त्या दिवशी मी चार-चार टीबीच्या चार डिस्क बसवल्या, रात्रभर डबा चालू ठेवला आणि सकाळी शेठना त्यांच्या लॅपटॉपवर शेअर उघडून दिला. विंडोजने १०.९ टीबी दाखवले.

शेठनी डिस्कचे चारही रिकामे खोके टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर ठळक 4 TB.

"दादा, चार चोक सोळा. बाकीचे पाच कुठे गेले?"

मी म्हटलं, यात रेड ५ लावलंय. शेठ खुर्चीत सावरून बसले. गोदामवाल्याला रेड म्हटलं की आधी जीएसटीवाले आठवतात. हे दुसरं रेड आहे हे सांगण्यात दोन मिनिटं गेली, आणि मग पाच टीबींचा हिशेब द्यायला अर्धा तास.

हा हिशेब नीट द्यायला हवा, कारण विकणारेच तो गोळाबेरीज करून सांगतात. "फॉरमॅटमध्ये जातं थोडं" असं म्हणून मोकळे होतात. पाच टीबी म्हणजे थोडं नव्हे, आणि फॉरमॅटमध्ये त्यातलं जवळपास काहीच जात नाही.

आधी जे गेलेलंच नाही ते बाजूला काढू. डिस्क बनवणारे दशमानात मोजतात, त्यांचा एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं: १०२४ बाइटांचा केबी, १०२४ केबींचा एमबी, असं चार पायऱ्या चढत. प्रत्येक पायरीवर अडीच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि चौथ्या पायरीवर तो दहा टक्क्यांना टेकतो. म्हणून खोक्यावरचे ४ टीबी विंडोजवर ३.६३ होतात. आपल्याकडे कच्चा मण आणि पक्का मण असायचे ना, तसंच हे. पोत्यातलं धान्य तेवढंच, वजनं वेगळी. या मोठ्या मापाला टेबीबाइट, म्हणजे TiB, असं वेगळं नाव १९९८ मध्येच देऊन झालंय, पण विंडोज आजही मोजतं टेबीबाइटात आणि लिहितं TB. मॅकने २००९ पासून दशमान घेतलं, त्यामुळे तीच डिस्क मॅकवर चारची चार दिसते. शेठच्या मुलाकडे मॅक होता हे माझं नशीब. त्यावर शेअर उघडला तर १२ टीबी. काही न करता एक टीबी "परत आला" म्हणून शेठ जरा खुलले.

म्हणजे सोळाचे बारा, एवढाच खरा प्रश्न उरला. चार टीबी, बरोबर एका डिस्कइतके.

इथे मी त्यांचीच स्टॉकवही पुढे ओढली. समजा तीन गाळ्यांत ४२०, ३१५ आणि २६५ तागे आहेत. चौथ्या रकान्यात बेरीज लिहिली, १०००. आता मधल्या गाळ्याचं पान उंदरांनी खाल्लं. एक हजारातून ४२० आणि २६५ वजा केले की ३१५ परत मिळतात. पान गेलं तरी आकडा गेला नाही. त्यासाठी प्रत्येक ओळीत एक जादा रकाना मात्र खर्च झाला. रेड ५ मधली चौथी डिस्क म्हणजे हा बेरजेचा रकाना.

डिस्कवरची बेरीज आपल्यापेक्षा साधी असते. तिथे नुसते शून्य आणि एक, आणि लिहायचं इतकंच की एकांची संख्या सम आहे की विषम. तीन डिस्कवर १, १, ० असेल तर एक दोनदा आला, सम, म्हणून चौथीवर ०. दुसरी डिस्क मेली तर उरतात १, ?, ० आणि खूण ०. संख्या सम हवी, तेव्हा प्रश्नचिन्हाच्या जागी १ च असणार. या बेरजेत हातचा कधी येत नाही, हे महत्त्वाचं. हातचा आला असता तर बेरजेचा रकाना इतरांपेक्षा रुंद करावा लागला असता. तो येत नाही, म्हणून डेटाच्या डिस्क तीन असोत की सात, खुणेला एकाच डिस्कइतकी जागा पुरते. प्रत्यक्षात ही खूण एकाच डिस्कवर बसत नाही. डेटा छोट्या पट्ट्यांत कापून चारही डिस्कवर पसरला जातो आणि दर ओळीत खुणेची जागा सरकत जाते, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच डिस्कवर लिहिण्याचा भार पडत नाही. जागेचा हिशेब त्याने बदलत नाही.

डब्यावर हे उघड लिहिलेलं असतं. `mdadm --detail /dev/md0` दिलं की येणाऱ्या लांबलचक यादीतल्या या चार ओळी बघायच्या:

```
     Raid Level : raid5
     Array Size : 11720658432 (11177.69 GiB 12001.95 GB)
   Used Dev Size : 3906886144 (3725.90 GiB 4000.65 GB)
   Raid Devices : 4
```

दोन्ही मापं शेजारी शेजारी छापणारा हा दुर्मीळ भला प्रोग्राम. एका डिस्कमधले ४०००.६५ जीबी वापरात घेतले, त्याच्या तिप्पट १२००१.९५. चौपट नाही. चार टीबीच्या डिस्कवर खरं तर ४०००.७९ जीबी असतात. मधले १३५ एमबीच्या आसपास या रचनेच्या स्वतःच्या नोंदींना आणि सुरुवातीला सोडलेल्या कोऱ्या जागेला जातात. "फॉरमॅटमध्ये जातं" ते इतकं. कुठल्याही कॅमेऱ्याच्या पाच मिनिटांत भरेल एवढं.

शेठचा पुढचा प्रश्न रास्त होता. मग बेरीज कशाला, सगळं वापरा ना! तसंही करता येतं. नुसत्या पट्ट्या, म्हणजे रेड ०. सोळाचे सोळा मिळतात, विंडोजवर १४.५. पण प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कवर असल्याने एक डिस्क गेली की चारही गेल्या. त्याला रेड म्हणणं हाच खरा विनोद. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हे नाव रूढ केलं तेव्हा त्यातला आर हा रिडंडंटचा होता, आणि जादा राखलेली ती जागा रेड ० मध्ये नसतेच. दुसऱ्या टोकाला मिरर आहे. शेठच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या संगणकात मी तोच लावलाय. दोन डिस्क, दोन्हीवर अक्षरन्‌अक्षर तेच, म्हणून आठातले चार, आणि पडद्यावर ३.६३. तिथे निम्मी जागा जाते हे खुपतं, पण डेटा थोडा आणि मोलाचा असला की मिररच बरा. कसला हिशेब सोडवत बसायला नको, दुसरी प्रत तयारच असते.

कॅमेऱ्यांचं गणित वेगळं. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने लिहितो. ८६,४०० सेकंदांनी गुणून आठाने भागलं की दिवसाचे ४३.२ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे ३४५.६. शेठला तीस दिवसांचं रेकॉर्डिंग हवं होतं, म्हणजे १०.४ टीबी. बारामध्ये साधारण चौतीस दिवस बसतात. चारही डिस्क मिररच्या जोड्यांत घातल्या असत्या तर आठ टीबी मिळून चोविसाव्या दिवशीच जुनं पुसायला सुरुवात झाली असती. म्हणून रेड ५. ही आकडेमोड मी खोके फोडण्याआधी करतो आणि ती दशमानातच करतो. विंडोजचे १०.९ घेऊन ती करायला बसलं की तीन दिवस उगाच हरवल्यासारखे वाटतात.

जागा खरोखर वाया जाते ती दुसरीकडेच, आणि ते मी माझ्याच चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी शेजारच्याच एका गोदामात चार टीबीच्या तीन डिस्क होत्या. चौथा खण रिकामा दिसला, माझ्या बॅगेत दोन टीबीची एक जुनी डिस्क पडून होती. म्हटलं, तेवढीच भर. जुना सगळा डेटा दुसरीकडे हलवून चौघींची नवी रचना केली. `mdadm` ने विचारलंही, सर्वांत मोठी डिस्क बाकीच्या मापापेक्षा एक टक्क्याहून जास्त मोठी आहे, पुढे जाऊ का? मी `y` दाबलं. सहा टीबी आले! आधी तीन डिस्कवर आठ मिळत होते, चौथी घातल्यावर सहा.

कारण बेरीज ओळीने होते. ज्या ओळीला एका रकान्यात जागाच नाही, ती ओळ लिहायची कुठे? त्यामुळे सगळ्या डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढ्याच धरल्या जातात. दोनच्या चार, त्यातली एक खुणेला, उरले सहा. तीन मोठ्या डिस्कचे प्रत्येकी दोन टीबी नुसते पडून. मिररचंही तेच: चारची डिस्क दोनच्या जोडीला बांधली की दोनच. नुसत्या पट्ट्यांत अनेक रेड कार्डं असंच कापतात, लिनक्सचं रेड ० मात्र उरलेल्या भागाचा वेगळा पट्टा करून सगळी जागा वापरतं. सायनॉलॉजीच्या डब्यांत एसएचआर नावाची पद्धत आहे, ती डिस्क आडव्या कापते. खालच्या दोन-दोन टीबीची चौघींची एक रचना, वरच्या दोन-दोनची तिघींची दुसरी. पहिलीचे सहा आणि दुसरीचे चार मिळून दहा. माझ्या त्या चार डिस्कमधून दहा निघाले असते.

फाइल सिस्टिममध्येही एक चोरखिसा असतो. शेठच्या डब्यात एक्सएफएस आहे, तिथे तो नाही. पण ईएक्सटी४ घातलं तर ते न विचारता पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, बारा टीबीत सहाशे जीबी. म्हणजे पावणेदोन दिवसांचं रेकॉर्डिंग. `df -h` मध्ये वापरलेली आणि शिल्लक जागा मिळून एकूण होत नसेल तर खिसा इथे आहे असं समजायचं. नुसत्या रेकॉर्डिंगच्या भागावर `tune2fs -m 0 /dev/md0` देऊन मी तो रिकामा करतो. सिस्टिम असलेल्या भागावर तो राहू द्यावा.

शेठना हे सगळं पटलं, पण त्यांना तपासून पाहायचं होतं. खात्री असल्याशिवाय चेक फाडणारा हा माणूस नव्हे. रेकॉर्डिंगमध्ये काहीच मोलाचं नव्हतं, तेव्हा मी एक डिस्क ओढून बाहेर काढली. `cat /proc/mdstat` मध्ये `[4/4] [UUUU]` होतं तिथे `[4/3] [UUU_]` आलं. लॅपटॉपवर मात्र १०.९ चे १०.९, आणि काल रात्रीचं रेकॉर्डिंग चालू. शेठ दोनदा मागेपुढे करून बघत राहिले. एकही टीबी कमी झाला नाही, आणि धोका नेमका इथेच असतो. डिस्क मेल्यावर जागेचा आकडा तसाच राहतो, त्यामुळे आकड्याकडे बघणाऱ्याला काहीच कळत नाही. कळतं ते त्या एका अंडरस्कोअरवरून. त्या अवस्थेत दुसरी डिस्क गेली तर सगळं गेलं.

डिस्क परत बसवून रचनेत नव्याने घेतली. दर सेकंदाला १५० एमबी धरले तरी चार टीबी पुन्हा हिशेबून लिहायला साडेसात तास लागतात, आणि आठ कॅमेरे त्याच वेळी लिहीत असले की त्याहून कितीतरी जास्त. आम्ही सकाळी अकराला सुरू केलं होतं. संध्याकाळी मी निघालो तेव्हा टक्केवारी चाळिशीतच होती.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेलो. शेठनी चष्मा लावून वाचलं, पेन मागून घेतलं आणि "४ टीबी x ४" या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पैकी एक बेरजेची. लॅपटॉपवर १०.९, मुलाच्या मॅकवर १२. मग माझी सही घेतली.