दहा मिनिटांचे औषध आणि सहा तासांचे औषध

धान्याच्या व्यापारात उभे आयुष्य घालवलेल्या माझ्या थोरल्या बंधूंना दम्याचा जुना विकार आहे. गेल्या हिवाळ्यात एका मध्यरात्री त्यांना दम्याचा जोराचा झटका आला. रुग्णालयात प्रथम साल्ब्युटामॉलची वाफ देण्यात आली आणि दहा-पंधरा मिनिटांतच त्यांचा श्वास बराच मोकळा झाला. त्याच वेळी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या होत्या. तासाभराने दादा म्हणाले, "वाफेनेच काम झाले. या गोळ्यांचा काही उपयोग दिसत नाही, त्या बंद करतो." ड्यूटीवरील डॉक्टरांनी ते ऐकले व शांतपणे सांगितले, "काका, गोळीचे काम अजून सुरूच आहे. पहाटेपर्यंत वाट पाहा."

एक औषध मिनिटांत आणि दुसरे तासांनी का कार्य करते, याचे उत्तर त्या औषधांना दाद देणारी प्रथिने पेशीत कोठे असतात, यात आहे. या प्रथिनांना ग्राही म्हणतात.

आमच्या बँकेतील व्यवहार आठवावा. खिडकीशी आलेला खातेदार आत येत नाही. तो चिठ्ठी देतो आणि आतील कर्मचारी काम करतात. साल्ब्युटामॉलचे तसेच आहे. पेशीचे आवरण स्निग्ध असते. शरीरातील अ‍ॅड्रेनलिन पाण्यात विरघळणारे असल्याने ते या आवरणातून आत जाऊ शकत नाही. ते पृष्ठभागावरील बीटा-2 नावाच्या ग्राहीला चिकटते. साल्ब्युटामॉलही त्याच ग्राहीला चिकटते. मग पेशीच्या आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि श्वासनलिकेचा आवळलेला स्नायू सैल पडतो. येथे नवीन काही घडवावे लागत नाही. पेशीत जी प्रथिने आधीपासून आहेत, तीच कामाला लागतात. म्हणून परिणाम त्वरित होतो, पण चार-सहा तासांत ओसरतो. शिवाय श्वासनलिकेची सूज तशीच राहते.

स्टेरॉइडची रीत निराळी. ते स्वतः स्निग्ध प्रकृतीचे असल्याने आवरण ओलांडून सरळ आत जाते. त्याचा ग्राही पेशीद्रवात काही सोबती प्रथिनांच्या आधाराने थांबलेला असतो. स्टेरॉइड जोडले जाताच ग्राहीचा आकार बदलतो, सोबती सुटतात आणि ही जोडी केंद्रकात शिरते. तेथे ती डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम असलेल्या जागी बसते आणि लगतच्या जनुकाचे वाचन वाढवते. सूज निर्माण करणाऱ्या काही जनुकांचे वाचन ती रोखतेही. म्हणजे हा अभ्यागत खिडकीशी न थांबता आत जाऊन कामाचे स्थायी आदेशच बदलतो.

आदेश बदलला, तरी पुढे आरएनए तयार व्हावा लागतो, त्यावरून प्रथिन घडावे लागते, आणि सूज आणणारी जुनी प्रथिने संपावी लागतात. दम्याच्या तीव्र झटक्यात गोळीचा गुण दिसू लागण्यास साधारणतः चार ते सहा तास लागतात, ते यामुळे. उलट रक्तातील प्रेडनिसोलोनचे प्रमाण दोन ते चार तासांत निम्म्यावर येते, तरी त्याचा परिणाम बारा तासांहून अधिक टिकतो. औषध निघून गेले, तरी त्याने घडवलेली प्रथिने मागे उरतात. विशेष म्हणजे बीटा-2 ग्राही घडवणाऱ्या जनुकाचे वाचनही स्टेरॉइड वाढवते. त्यामुळे वाफेच्या औषधालाही बळ मिळते.

याच गुणात दोषही आहे. हा ग्राही शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. यकृतात तो साखर तयार करणाऱ्या जनुकांना चालना देतो. म्हणून मधुमेही रुग्णांची साखर या गोळ्यांनी चढते. दीर्घकाळ घेतल्यास हाडेही ठिसूळ होतात. मेंदूला रक्तात स्टेरॉइड पुरेसे आहे असे वाटते, व तो अधिवृक्क ग्रंथींना स्वतःचे कॉर्टिसोल तयार करण्याचे संदेश देणे थांबवतो. ग्रंथी आकसतात. साधारण तीन आठवड्यांहून अधिक घेतलेली गोळी एकाएकी थांबवली, तर विलक्षण थकवा, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडू शकतात, आणि ते जीवावरही बेततात. अशा वेळी मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावी लागते. पाच-सात दिवसांच्या उपचारात मात्र हा धोका सहसा नसतो.

त्या पहाटे पाचच्या सुमारास दादांच्या छातीतील घरघर बरीच कमी झाली. वाफ पुन्हा मागावी लागली नाही. पाच दिवसांचा उपचार त्यांनी पुरा केला. आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप, जो "ओढला की लगेच बरे वाटत नाही" म्हणून ते कपाटात ठेवून देत, तो आता सकाळ-संध्याकाळ न चुकता घेतात.