वीस टक्के की दोन टक्के?

समजा, घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका ताईंचे इन्स्टाग्रामवर 2,000 फॉलोअर आहेत. त्यांची चकलीची पोस्ट एरवी 800 जणांपर्यंत पोहोचते आणि लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह मिळून 80 प्रतिसाद येतात. फॉलोअरच्या संख्येने भागलं तर दर 4 टक्के, रीचने भागलं तर 10 टक्के.

आता त्यांनी 1,000 रुपये भरून पोस्ट बूस्ट केली. रीच 20,000 झाला, प्रतिसाद 400. फॉलोअरने भागलं तर दर 20 टक्के. रीचने भागलं तर जेमतेम 2. पोस्ट तीच, पण एका हिशेबात ती पाचपट चढली आणि दुसऱ्यात पाचपट घसरली.

पहिला आकडा फसवा आहे. बूस्ट केलेली पोस्ट मुख्यतः अनोळखी लोकांना दिसते. प्रतिसाद त्यांचे आणि भागाकार मात्र आपल्या फॉलोअरचा, असा तो बेमेळ हिशेब होतो. पैसे वाढवत गेलं की तो दर वाढतच जातो. म्हणून बूस्टसाठी रीचचाच दर धरावा, आणि त्याची तुलना दुसऱ्या बूस्टशीच करावी. न बूस्ट केलेल्या पोस्टच्या 10 टक्क्यांशी 2 टक्के ताडून निराश होण्यात अर्थ नाही. ते 10 टक्के बहुतांशी ओळखीच्या माणसांनी दिलेले असतात.

पण रीचचा दरही विक्री सांगत नाही. बूस्ट करताना आपण जे उद्दिष्ट निवडतो, ते करण्याची शक्यता असलेली माणसं यंत्रणा शोधते. लाइक मागितले की लाइक करणारी मिळतात. चकलीचा सुंदर व्हिडिओ सेव्ह करणाऱ्यांतही अनेकांना कृती हवी असते, चकली नव्हे.

आता याच ताईंनी पुढच्या खेपेला मेसेज हे उद्दिष्ट ठेवून, तेवढ्याच पैशांत साधं दरपत्रक बूस्ट केलं असं धरू. रीच तोच, प्रतिसाद 160, म्हणजे दर 0.8 टक्का. व्हिडिओवरून 4 ऑर्डर आल्या होत्या, दरपत्रकावरून 10. एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च 250 रुपयांवरून 100 वर आला. हरलेली वाटणारी पोस्टच धंद्याची ठरली.

मेसेजही निरखून मोजावे लागतात. तयार प्रश्नावर नुसतं बोट टेकवूनही मेसेज जातो. अर्धा किलोचा भाव, पिनकोड, पोहोचण्याची तारीख विचारणारा माणूस गिऱ्हाईक होण्याच्या जवळ असतो. त्यांची संख्या वेगळी लिहून ठेवावी.

एक मर्यादा राहतेच. जाहिरात पाहून काहीही न दाबता, आठवड्याने फोन करणारे या कुठल्याच दरात येत नाहीत. म्हणून ऑर्डर घेताना प्रत्येकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ आणि उत्तर वहीत लिहा.