गरोदरपण, मांजर आणि टोक्सोप्लाझ्मा

टोक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी आहे. उंदीर, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या, कबुतरे, माणसे अशा जवळजवळ कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात तो राहू शकतो. पण त्याचे लैंगिक प्रजनन फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होते. घरचे मांजर या कुळातले असल्याने गरोदर स्त्रीच्या घरात मांजर असेल तर ‘ते आधी बाहेर काढा’ असा सल्ला नातेवाईक, आणि कधीकधी डॉक्टरही, देतात. परजीवी मांजरातून केव्हा आणि कसा बाहेर पडतो हे पाहिले, तर या सल्ल्याची बहुतेक वेळा गरज नसते.

समजा, एका घरातल्या आठ महिन्यांच्या बोक्याने आयुष्यात पहिल्यांदाच टोक्सोप्लाझ्मा असलेला उंदीर खाल्ला. उंदराच्या स्नायूंत आणि मेंदूत परजीवीच्या सूक्ष्म पुटी असतात. त्या बोक्याच्या पोटात फुटतात, परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो आणि साधारण तीन ते दहा दिवसांत विष्ठेतून कवचबंद अंड्यांसारखे कण पडू लागतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. एक ऊसिस्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि असे लाखो-कोट्यवधी ऊसिस्ट एकच मांजर सोडते. हे सोडणे एक ते तीन आठवडे चालते आणि थांबते. त्यानंतर बोक्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि त्याच परजीवीची पुन्हा लागण झाली तरी सहसा ऊसिस्ट पडत नाहीत. म्हणून कोणत्याही एका दिवशी पाहिले तर ऊसिस्ट सोडणारी मांजरे फार थोडी, साधारण शंभरात एक, सापडतात. या काळात बोका बहुधा अगदी ठणठणीत दिसतो; फार तर एखादा दिवस जुलाब होतात. त्याच्याकडे पाहून काही ओळखता येत नाही.

मांजराची रक्ततपासणी करूनही फारसे हाती लागत नाही. ऊसिस्ट पडत असतात तेव्हा रक्तातली प्रतिपिंडे बहुधा अजून तयार झालेली नसतात, आणि ती दिसू लागतात तोवर पडणे थांबलेले असते. प्रतिपिंडे असलेले मांजर उलट कमी धोक्याचे, असा हा विचित्र हिशेब आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. ताज्या विष्ठेतला ऊसिस्ट लागण करू शकत नाही. हवा, ओलावा आणि ऊब मिळाल्यावर त्याच्या आत विभाजन होते, आणि एक ते पाच दिवसांत तो पक्व होऊन संसर्गक्षम बनतो. आपल्याकडच्या उबदार हवेत हा काळ लांबण्यापेक्षा आखडण्याचीच शक्यता जास्त. पक्व ऊसिस्ट मात्र भलताच चिवट असतो. ओल्या, सावलीतल्या मातीत तो वर्षभरही टिकतो. ब्लीच, फिनाईल यांसारख्या घरगुती जंतुनाशकांचा त्याच्यावर काही उपयोग होत नाही. उष्णतेपुढे मात्र तो टिकत नाही, उकळते पाणी त्याला मारते.

घरातली व्यवस्था या दोन गोष्टींवरून ठरते. लिटरचा ट्रे रोज, शक्य असल्यास दोनदा साफ केला तर ऊसिस्ट पक्व व्हायच्या आत घराबाहेर जातात. हे काम गरोदर स्त्रीने न करता घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. करणारे कोणीच नसेल तर तिने रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने नीट धुवावेत. विष्ठा पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावी; बागेत पुरू नये, कंपोस्टमध्ये घालू नये, कारण तिथे ऊसिस्टला हवा तो ओलावा आयता मिळतो. रिकामा ट्रे उकळते पाणी ओतून काही मिनिटे तसाच ठेवावा. कोरडे लिटर झटकू नये. मांजराला कच्चे मांस न देता शिजवलेले अन्न किंवा तयार खाद्य द्यावे आणि उंदीर पकडायला बाहेर सोडू नये. सतत घरातच राहून असेच खाणे खाणाऱ्या मांजराला परजीवी मिळण्याचा मार्गच उरत नाही. गरोदरपणात रस्त्यावरचे नवे पिल्लू आणणे मात्र टाळावे, कारण पहिली लागण अशाच वयात होते.

मांजराला कुरवाळल्याने किंवा ते मांडीवर बसल्याने धोका फारसा नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळे विष्ठा पक्व होईपर्यंत केसांना चिकटून राहत नाही. युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर स्त्रियांवर केलेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी मांजर असण्याचा लागणीशी संबंध आढळला नाही. कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले मांस हे सर्वांत मोठे कारण होते आणि त्याखालोखाल मातीचा संपर्क. मटण पूर्ण शिजवून खाणाऱ्या घरांत मांसाचा मार्ग बराचसा बंद होतो. तरी गुलाबी राहिलेले कबाब टाळावेत, आणि कच्च्या मटणाची पाटी, सुरी व हात लगेच धुवावेत.

उरतात माती, भाज्या आणि पाणी. मोकाट मांजरे अंगणात, वाळूच्या ढिगात, कुंड्यांत विष्ठा टाकतात, आणि त्या मातीतले ऊसिस्ट पावसाबरोबर पसरतात. तमिळनाडूतल्या कोइम्बतूरमध्ये 2004 च्या सुमारास 248 जणांना टोक्सोप्लाझ्मामुळे डोळ्यांचा आजार झाला, आणि दूषित पाणीपुरवठ्यावर संशय गेला. त्या रुग्णांच्या घरी मांजर असण्याची गरजच नव्हती. गरोदर स्त्रीने कुंड्यांत काम करताना हातमोजे घालणे, कोथिंबीर, काकडी, गाजर चांगले धुणे आणि उकळलेले पाणी पिणे, याचा उपयोग घरातले मांजर घालवण्यापेक्षा जास्त होतो.

गर्भाला धोका असतो तो आईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. पूर्वी कधी लागण होऊन गेलेली असेल तर आईची प्रतिकारशक्ती सामान्यतः बाळालाही वाचवते. पहिल्या तिमाहीत परजीवी गर्भापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण कमी, साधारण दहापैकी एक, असते. पण पोहोचला तर गर्भपात, डोक्यात पाणी साचणे, मेंदूत कॅल्शियमचे डाग, डोळ्याच्या पडद्याची सूज असे गंभीर परिणाम होतात. शेवटच्या तिमाहीत पोहोचण्याचे प्रमाण निम्म्याहून जास्त होते, मात्र बाळ बहुधा जन्मतः निरोगी दिसते आणि डोळ्यांचा त्रास पुढे काही वर्षांनी उद्भवू शकतो. आईला मात्र बहुतेक वेळा थोडा ताप किंवा मानेतल्या गाठींपलीकडे काही जाणवत नाही.

म्हणून रक्ततपासणी महत्त्वाची, आणि तीच सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. ‘टॉर्च’ अहवालात आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर बहुधा लागण जुनी असते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर स्त्रीला लागण झालेली नाही, आणि स्वच्छतेची काळजी खरी तिनेच घ्यायची. आयजीएम पॉझिटिव्ह आले की घरात घबराट होते, पण ते कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, पॉझिटिव्ह राहू शकते. अशा वेळी आयजीजी अव्हिडिटी ही पुढची तपासणी करतात. पहिल्या तिमाहीत अव्हिडिटी जास्त निघाली तर लागण साधारण चार महिन्यांपूर्वीची, म्हणजे गर्भधारणेच्या आधीची, असे धरता येते. कमी निघाली तर त्यावरून लागण नवी असे ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून आयजीजी वाढते आहे का ते पाहतात. नवी लागण सिद्ध झाल्यास स्पायरामायसिन सुरू करतात आणि अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर तपासणी करतात; गर्भाला लागण झालेली आढळली तर औषधे बदलतात. एकट्या आयजीएमच्या अहवालावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये.