तळहात पिवळे, पण डोळे पांढरे



हिवाळ्यात वाशीमच्या बाजारात गाजरांचे ढीग लागले, की महिना-दीड महिन्यात एखादी तरी माय लेकरू कडेवर घेऊन आमच्याकडे येते. "बाई, लेकराले कावीळ झाली." तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळा दिसत असतो. पुष्कळदा गळ्यात काड्यांची माळही आधीच घातलेली असते.

रिसोड तालुक्यातल्या एका वस्तीतलं दहा महिन्यांचं बाळ असंच आलं होतं. बाळ हसत होतं, अंगावरचं दूध पीत होतं, ताप नव्हता, उलटी नव्हती. आम्ही त्याला अंगणात उजेडात नेलं, कारण घरातल्या पिवळ्या बल्बखाली कोणीही पिवळं दिसतं. खालची पापणी हलकेच ओढून पाहिली, तर डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा होता. दुपट्यावर लघवीचा पिवळा डाग नव्हता, शी नेहमीच्या रंगाची होती. मग काय खाऊ घालता ते विचारलं. आजी म्हणाली, "सकाळी दोन गाजरं उकडून कुस्करतो, दुपारी पपई. डोळ्याले चांगलं असते ना!" असं दीड महिना चाललं होतं. कावीळ नव्हतीच. तो गाजराचा रंग होता.

गाजर आणि पिकलेल्या पपईचा रंग ज्या पदार्थांमुळे येतो, त्यांतला एक म्हणजे बीटा कॅरोटीन. ते म्हणजे जीवनसत्त्व अ नव्हे, जीवनसत्त्व अ तयार करायचा कच्चा माल आहे. आतड्याच्या अस्तरात एक पाचकद्रव्य कॅरोटीनचा लांब रेणू मधोमध कापतं आणि त्यातून जीवनसत्त्व अ बनतं. कॅरोटीन तेलात विरघळतं, म्हणून जेवणात तेल नसेल तर बरंचसं तसंच शीवाटे निघून जातं. कच्च्या गाजरापेक्षा शिजवून, कुस्करून थोड्या तेलात परतलेलं गाजर अंगी लागतं ते यामुळेच. पपईत कॅरोटीन गाजरापेक्षा पुष्कळ कमी, पण पपईतलं शरीराला शोषायला सोपं जातं.

आता त्या बाळाचा हिशोब बघा. घरी नारिंगी गाजरं येत होती. 100 ग्रॅम नारिंगी गाजरात साधारण 5 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. (लाल गाजरात त्याच्या निम्मं, त्याचा लाल रंग दुसऱ्या द्रव्याचा आहे.) दोन लहान गाजरं धरली 120 ग्रॅम, म्हणजे 6 मिलिग्रॅम. अन्नातल्या कॅरोटीनचे बारा भाग घेतले तर जीवनसत्त्व अ चा एक भाग मिळतो, असं गणित मानलं जातं. म्हणजे गाजरातूनच जवळजवळ 500 मायक्रोग्रॅम झाले. या वयाच्या बाळाची दिवसाची गरज आहे 350. पपई वेगळी, आईचं दूध वेगळं.

मग जास्तीचं जातं कुठे? शरीरात जीवनसत्त्व अ चा साठा पुरेसा असला, की आतड्यातली ही कापणी मंदावते. न कापलेलं कॅरोटीन चरबीबरोबर रक्तात फिरतं आणि त्वचेत साठतं. तळहात-तळपायांची वरची कातडी जाड असते, तिथे रंग आधी आणि जास्त दिसतो. आपल्या सावळ्या अंगावर तर इतरत्र तो कळतही नाही. म्हणून गाजर खाऊन हात पिवळे होतात, पण जीवनसत्त्व अ ची विषबाधा होत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागात हा रंग साठत नाही. काविळीतला रंग वेगळा, तो पित्ताचा. तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाला घट्ट धरतो आणि लघवीतही उतरतो. त्यामुळे सगळी पारख डोळ्यात आहे, हातात नाही.

1919 साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हेस आणि मायर्स या डॉक्टरांनी गाजर खाऊन पिवळ्या झालेल्या बाळांबद्दल लिहिलं, तेव्हा डॉक्टरांमध्येही ही गोष्ट नवीच होती. तेव्हा आपल्या आजीबाईंना दोष द्यायचं काही कारण नाही.

दोष द्यायचा तर त्या माळेला. ओल्या काड्यांची माळ वाळते, काड्या बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल, आणि खुंटीला काही कावीळ झालेली नसते. गाजराचा पिवळेपणा माळेने 'उतरतो', कारण पथ्य म्हणून गाजर-पपई बंद होते. मग त्याच माणसाकडे उद्या खरी कावीळ झालेलं लेकरू नेलं जातं आणि तिथे दिवस वाया जातात. शिवाय पथ्यात तेल बंद करतात, डाळ बंद करतात. ज्या लेकराला काहीच झालेलं नाही, त्याला उपाशी ठेवायचं!

त्या बाळाचं आम्हाला काळजीचं वाटलं ते दुसरंच. त्याचं वजन दोन महिने जवळपास तिथेच होतं. गाजर-पपईने पोट भरतं, पण त्यात ताकद देणारं फार थोडं. आम्ही गाजर पूर्ण बंद केलं नाही. डाळ-तांदळाच्या मऊ खिचडीत चमचा-दोन चमचे कुस्करलेलं गाजर, वर एक चमचा तेल, एखाद्या दिवशी उकडलेलं अंडं, आणि पपई आठवड्यातून दोनदा, असं ठरवलं. आईचं दूध चालूच. रंग लगेच जात नाही. तीन-चार आठवड्यांनी तो फिका झाला, तळपायांवरचा सगळ्यात शेवटी गेला.

त्या आईने आणखी एक विचारलं: "आधीच पिवळं हाय, मग तो अ चा डोस देऊ का नको?" द्यायचा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर 1 लाख युनिटचा पहिला डोस, मग दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख युनिट. हात पिवळे असले म्हणून तो टाळू नका. पण हे तयार जीवनसत्त्व अ आहे, इथे शरीर कापणी मंद करून स्वतःला वाचवू शकत नाही. म्हणून डोसांचं कार्ड जपून ठेवा, एकच डोस दोन ठिकाणी घेऊ नका आणि दुकानातून वेगळं औषध आणून पाजू नका. जास्त झालं तर उलट्या होतात, टाळू फुगते. गरोदर बाईने तर मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत, गर्भाला व्यंग येऊ शकतं. गाजर-पपईच्या भाजीने तसं होत नाही.

मोठ्या माणसाचे तळहात पिवळे, डोळे पांढरे, आणि गाजर-पपई फारशी खाण्यात नाही, असं असेल तर थायरॉईड, साखर आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. थायरॉईड मंद असला की ही कापणी नीट होत नाही आणि साध्या जेवणातलंही कॅरोटीन साठत जातं.

नुकतंच जन्मलेलं बाळ पिवळं दिसलं, तर त्याचा गाजराशी काही संबंध लावू नका, आईने खाल्लेल्या गाजराशीही नाही. ती कावीळच समजायची. पहिल्याच दिवशी पिवळं झालं, तळपायांपर्यंत पिवळं उतरलं, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला आणि शी पांढुरकी, मातकट होऊ लागली, तर त्या शीचं दुपटं धुऊ नका. तसंच डॉक्टरांना दाखवा.