प्रार्थनेचा डोस कोण मोजणार?

कोणत्याही सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकांवर सकाळी नजर टाकली तर प्रार्थनेचे बहुतेक प्रकार एकाच वेळी दिसतात. कोणी गावच्या देवीला नवस बोललेलं असतं. एखादी आजी डोळे मिटून माळ ओढत असते. गावाकडे देवळात किंवा मशिदीत चार माणसं जमून रुग्णासाठी दुवा मागत असतात. दोन तासांनी डॉक्टर बाहेर येऊन ‘ऑपरेशन चांगलं झालं’ म्हणतात आणि आजी माळ कपाळाला लावते. आता आजीच्या माळेचा ऑपरेशनशी संबंध होता का, हे शास्त्रीय पद्धतीने तपासता येईल का? प्रश्न चावट वाटेल, पण त्यावर खरोखर संशोधन झालं आहे, आणि त्यातल्या चुकांपासून शिकण्यासारखंही बरंच आहे.

पहिली अडचण अशी की बाकावरच्या या सगळ्यांना आपण ‘प्रार्थना’ हा एकच शब्द लावतो. नवस म्हणजे मागणं. त्यात काहीतरी घडावं अशी स्पष्ट इच्छा असते आणि ती पुरी होते किंवा होत नाही. माळ ओढणाऱ्या आजीचं मागणं थोड्या वेळाने मागे पडतं आणि उरतं ते नाम व श्वास. आणि देवळात जमलेल्यांच्या प्रार्थनेत मागणं असतंच, पण त्याबरोबर आपल्यासाठी इतकी माणसं आहेत ही जाणीवही असते. मनावर होणारा परिणाम तिन्हींत वेगळा, म्हणून मोजण्याची पद्धतही वेगळी हवी. मात्र सर्वाधिक गाजलेले प्रयोग झाले ते मागण्याच्याच प्रार्थनेवर, तेही परक्या माणसाने परक्यासाठी केलेल्या.

त्यातला सर्वांत मोठा आणि नेटका प्रयोग अमेरिकेतला. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. सहा रुग्णालयांतले बायपास शस्त्रक्रियेचे 1802 रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांतल्या रुग्णांना सांगितलं, ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही.’ प्रत्यक्षात पहिल्या गटासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला मात्र निश्चित सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, आणि ती झाली. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच दिलं जाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून 14 दिवस त्यांनी प्रार्थना करायची आणि त्यात एक ठरलेलं वाक्य म्हणायचं: शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, रुग्ण लवकर बरा व्हावा, गुंतागुंत होऊ नये. मग 30 दिवसांत किती रुग्णांना गुंतागुंत झाली ते मोजलं.

प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात 52 टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, न झालेल्या दुसऱ्या गटात 51 टक्के. म्हणजे फरक नाही. पण ज्यांना प्रार्थना होणार हे ठाऊक होतं, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण 59 टक्के निघालं! 601 पैकी 352 रुग्ण. या गुंतागुंतीत सर्वाधिक वाटा होता हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून होणाऱ्या अनियमित धडधडीचा. बायपासनंतर ती अनेकांना होते. गंभीर घटना आणि मृत्यू मात्र तिन्ही गटांत सारखेच होते.

प्रार्थनेने रुग्णाचं नुकसान कसं होईल? संशोधकांपैकीच एकाने एक शक्यता मांडली. ‘माझ्यासाठी खास प्रार्थना करायला माणसं बसवली, म्हणजे मी इतका आजारी आहे का?’ हा विचार रुग्णाच्या मनात आला असेल. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं आणि या धडधडीला ते निमित्त ठरू शकतं. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण म्हणून ते सिद्ध झालं असं नाही, कारण त्या रुग्णांची भीती कोणी मोजलीच नव्हती. हा फरक निव्वळ योगायोगानेही आलेला असू शकतो. आकडा हाती आला की त्याला कथा जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, डॉक्टरांनाही.

या प्रयोगातलं खरं भगदाड दुसरीकडेच आहे. औषधाच्या चाचणीत ज्या गटाला औषध द्यायचं नाही त्याला ते मिळत नाही याची खात्री करता येते. इथे दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या बायकामुलांना, शेजाऱ्यांना ‘तुम्ही प्रार्थना करू नका’ असं कोण सांगणार? आपले आप्त आपल्यासाठी प्रार्थना करतीलच, असं तिन्ही गटांतल्या बहुतेक रुग्णांना वाटत होतं. तेव्हा तुलना ‘प्रार्थना विरुद्ध काही नाही’ अशी नव्हतीच. घरच्यांच्या प्रार्थनेत परक्यांची थोडी भर विरुद्ध भर नाही, अशी ती होती. आणि ती भर किती? मिलिग्रॅममध्ये सांगता न येणारा डोस वाढवला की कमी केला, हे ठरवायचं कसं?

याआधी 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर रँडॉल्फ बर्ड यांनी हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातल्या 393 रुग्णांवर केलेला असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याचा निष्कर्ष प्रार्थनेच्या बाजूने लागला आणि तो आजही सांगितला जातो. पण त्यांनी पंचवीसहून अधिक गोष्टी मोजल्या होत्या आणि त्यांतल्या जेमतेम सहा गोष्टींत प्रार्थनेचा गट सरस ठरला. रुग्णालयातला मुक्काम आणि मृत्यू यांत फरक नव्हता. एकमेकींशी संबंध नसलेल्या 25 गोष्टी तपासल्या, तर परिणाम मुळीच नसतानाही एखादी तरी केवळ नशिबाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या वर जाते. भिंतीवर आधी बाण मारायचे आणि मग त्यांच्याभोवती वर्तुळ काढायचं, असाच हा प्रकार. म्हणून काय मोजणार हे प्रयोगाआधी लिहून ठेवावं लागतं.

इस्रायलचे डॉक्टर लिओनार्ड लिबोविची यांनी 2001 मध्ये याचंच टोक दाखवलं. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या 3393 रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी घेतल्या. हे रुग्ण 1990 ते 1996 या काळातले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि 2000 साली त्यातल्या एका गटासाठी प्रार्थना करवली. रुग्ण बरे होऊन किंवा दगावून चार ते दहा वर्षं झाल्यावर! तरीही त्या गटाचा ताप आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला. गणितात चूक नव्हती. अशक्य गोष्टही आकडेवारीच्या चाळणीतून सुटू शकते, हेच त्यांना दाखवायचं होतं. काही वाचकांनी मात्र तो निबंध प्रार्थनेचा पुरावा म्हणून जपून ठेवला.

आता बाकावरच्या आजीकडे वळू. तिच्या माळेवर संशोधन करणं सोपं आहे, कारण परिणाम तिच्याच शरीरात शोधायचा असतो. इटलीतले लुचियानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेवरची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्रही. दोन्हींत श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी तो 14च्या आसपास होता. रक्तदाबात साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते, तिच्याशी हा श्वास जुळला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. गंमत म्हणजे प्रार्थना लॅटिन की संस्कृत, याने काही बिघडलं नाही.

पण इथेही एक खाच आहे. नाम न घेता, नुसता मिनिटाला सहा श्वासांचा ठेका धरला तरी जवळपास हाच परिणाम दिसतो. मग श्रेय नामाचं की श्वासाचं? आजीला त्याने फरक पडत नाही, संशोधकाला पडतो. शिवाय हे मोजमाप काही मिनिटांचं होतं. त्यावरून ‘जप केल्याने रक्तदाबाची गोळी बंद होते’ असं म्हणणं म्हणजे एका पावसावरून वर्षाचं पीक ठरवणं. आणि आपण जप करतो आहोत की नाही, हे जप करणाऱ्यापासून लपवता येत नाही. औषधाची गोळी आणि साखरेची गोळी सारख्या दिसतात, तशी नकली प्रार्थना बनवता येत नाही.

सामूहिक प्रार्थनेचं मोजमाप सर्वांत फसवं. अमेरिकेतल्या 74 हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा धार्मिक उपासनेला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळलं. आकडा मोठा आहे. पण आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्या वारकऱ्यांची प्रकृती तपासून ‘वारीने गुडघे सुधारतात’ असं कोणी म्हटलं, तर आपण काय म्हणू? ज्यांचे गुडघे धड होते तेच चालत गेले. चर्चला जाणाऱ्यांचंही तसंच. अंथरुणाला खिळलेली बाई जाऊच शकत नाही. संशोधकांनी आधीची प्रकृती, धूम्रपान, नैराश्य हे लक्षात घेऊन गणित केलं आणि तरी फरक उरला. तो पूर्णपणे प्रार्थनेचा म्हणता येत नाही, कारण चर्चबरोबर मैत्रिणी, विचारपूस आणि अडीअडचणीला धावणारी माणसंही मिळतात.

आपल्याकडचा एक अभ्यास याबाबतीत थोडा चांगला आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत तंबूत राहणाऱ्या कल्पवासींना मेळ्याच्या आधी आणि नंतर प्रकृतीबद्दल विचारलं, आणि न गेलेल्या तुलनेच्या माणसांनाही विचारलं. एवढी थंडी, गर्दी, गोंगाट असूनही गेलेल्यांनी आपली प्रकृती न गेलेल्यांच्या मानाने सुधारल्याचं सांगितलं. सांगितलं, हे लक्षात ठेवायचं. रक्त तपासलं नव्हतं.

साध्या प्रश्नावलीतही असाच घोटाळा होतो, फक्त उलट्या दिशेने. ‘तुम्ही किती वेळा प्रार्थना करता?’ असं एकदाच विचारून प्रकृतीशी ताडलं, तर अनेकदा जास्त प्रार्थना करणारे जास्त आजारी दिसतात. कारण उघड आहे, दुखणं आलं की देव आठवतो.

वेळा मोजण्यापेक्षा, प्रार्थना करताना मनात काय चालतं हे विचारणं अधिक उपयोगाचं ठरलं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी 55 वर्षांवरच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या 596 रुग्णांना हेच विचारलं आणि सुमारे दोन वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ‘देवाने मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही’ अशा भावनेशी झगडणाऱ्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला, मूळ आजाराची तीव्रता आणि मनाची अवस्था हिशेबात धरूनही. मागण्याच्या प्रार्थनेची ही दुसरी बाजू. नवस फेडायला येणारा माणूस दिसतो, गाऱ्हाणं ऐकलं गेलं नाही म्हणून गप्प झालेला दिसत नाही. वॉर्डमध्ये तो औषध निमूट घेतो, जेवण अर्धं ठेवतो, आणि केसपेपरवर त्याच्या या दुखण्यासाठी रकाना नसतो.